तारा, बा, तो आणि नारा : जपानी भाषेतले चार ‘तर’

वरचं शीर्षक वाचून एखाद्या मराठी कुटुंबाची ओळख करून देतोय असं वाटेल. तारा नावाची मुलगी, तिचा बा, तो कोणीतरी आणि निवडणुकीतला नारा! पण हे चौघंही जपानी व्याकरणातले आहेत. मराठीत जिथे आपण ‘तर’ म्हणून मोकळे होतो, तिथे जपानी माणूस या चारांतला एक निवडतो. आपल्या होस्टेलवर जे जपानी शिकत आहेत, त्यांचे रिकाम्या जागांचे प्रश्न सगळ्यात जास्त इथेच चुकतात.

कारण सोपं आहे. ‘मिन्ना नो निहोंगो’ या पुस्तकात ‘तो’ 23व्या धड्यात येतो, ‘तारा’ 25व्या आणि ‘बा’ व ‘नारा’ थेट 35व्या. प्रत्येक धड्याच्या शेवटी जो सराव असतो त्यात उत्तर आधीच माहीत असतं, कारण धडाच त्याचा असतो. पण जेएलपीटी परीक्षेत, एन-4 किंवा एन-3 ला, चौघेही एकाच प्रश्नाखाली पर्याय म्हणून उभे राहतात. मग आपण वाक्याचं मराठी करतो, मराठीत ‘तर’ येतं, आणि ‘तर’ सारखा दिसतो म्हणून ‘तारा’वर टिक करतो. कधी बरोबर येतं, कधी नाही.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : उत्तर रिकाम्या जागेत नसतं, वाक्याच्या शेवटी असतं. जपानीत क्रियापद शेवटी येतं, मराठीसारखंच. म्हणून आधी शेवट वाचायचा, मग मागे यायचं. आता एकेकाला बघू.

तो : बटण दाबलं की पाणी

‘कोनो बोतान ओ ओसु तो, मिझु गा देमासु.’ हे बटण दाबलं की पाणी येतं. ‘मिगि ए मागारु तो, तोशोकान गा आरिमासु.’ उजवीकडे वळलं की लायब्ररी आहे. पहिली गोष्ट झाली की दुसरी आपोआप होणारच, त्यात कोणाच्या मर्जीचा प्रश्न नाही. इलेक्ट्रिकलवाल्यांना सांगायचं तर स्विच आणि दिवा. मशीन, रस्ता, ऋतू, सवय, ही याची ठिकाणं.

मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द ‘की’ आहे. पण इथेच आपली गंमत होते. मराठीत आपण ‘स्टेशनवर पोचलास की फोन कर’ असंही म्हणतो. ‘की’ आहे म्हणून ‘तो’ लावला तर जपानीत वाक्य चुकतं. ‘तो’ नंतर आज्ञा, विनंती, इच्छा, आमंत्रण, ‘चला करू या’, यातलं काहीही चालत नाही. म्हणजे शेवटी ‘कुदासाइ’, ‘ताइ’ किंवा ‘माशोओ’ दिसलं की ‘तो’ लगेच खोडून टाकायचा. स्विच दाबल्यावर दिव्याला कोणी विनंती करत नाही, तसंच.

‘तो’चा अजून एक उपयोग आहे, आणि तो मराठी माणसाला पटकन समजतो. ‘मादो ओ आकेरु तो, सारु गा इमाशिता.’ खिडकी उघडतो तर काय, माकड! शेवट भूतकाळात आहे आणि आधी माहीत नसलेली गोष्ट समोर आली आहे. इथे ‘आकेतारा’ पण चालतं. पण ‘बा’ आणि ‘नारा’ चालत नाहीत, कारण प्रत्यक्ष घडून गेलेली एक घटना त्यांना सांगता येत नाही.

तारा : झाल्यावर

क्रियापदाचा भूतकाळ घ्यायचा आणि त्याला ‘रा’ लावायचा : ‘त्सुइता’चं ‘त्सुइतारा’, ‘नोन्दा’चं ‘नोन्दारा’. भूतकाळ का? कारण पहिली गोष्ट पूर्ण झाली पाहिजे, मगच दुसरी. ‘एकि नि त्सुइतारा, देन्वा शिते कुदासाइ.’ स्टेशनवर पोचल्यावर फोन कर. शेवटी विनंती आहे, चालते. इच्छा असली तरी चालते.

आपला ‘तर’ आणि यांचा ‘तारा’ इथे वेगळे होतात. ‘बारा वाजले तर झोपू या’ असं मराठीत कोणी म्हणत नाही, कारण बारा वाजणारच आहेत. आपण ‘बारा वाजले की’ म्हणतो. जपानीत मात्र ‘जूनि-जि नि नात्तारा, नेमाशोओ’ हेच बरोबर. म्हणजे ‘तारा’मध्ये शंका असलीच पाहिजे असं नाही. ‘आला तर’ आणि ‘आल्यावर’ दोन्ही त्याच्या पोटात आहेत.

बा : काय केलं म्हणजे होईल?

‘योमु’चं ‘योमेबा’, ‘इकु’चं ‘इकेबा’, ‘यासुइ’चं ‘यासुकेरेबा’. ‘बा’ला मी मराठीत ‘म्हणजे’ लावून वाचतो. ‘दोओ सुरेबा इइ देसु का?’ काय केलं म्हणजे बरं होईल? ‘योकु योमेबा, वाकारिमासु.’ नीट वाचलं म्हणजे कळेल. हवा असलेला परिणाम आणि त्यासाठी लागणारी अट, हा त्याचा स्वभाव. न वाचता कळणार नाही, हेही त्यात न बोलता येतं.

‘बा’ला एक बंधन आहे. दोन्ही अर्ध्या वाक्यांचा कर्ता एकच असेल आणि पहिल्या भागात कृती असेल, तर शेवटी आज्ञा, विनंती, इच्छा घालता येत नाही. म्हणून ‘त्सुकेबा, देन्वा शिते कुदासाइ’ चूक. पोचणारा तूच, फोन करणाराही तूच. पण पहिला भाग कृती नसून स्थिती असेल तर बंधन सुटतं : ‘यासुकेरेबा, कात्ते कुदासाइ’, स्वस्त असेल तर घे. ‘जिकान गा आरेबा, किते कुदासाइ’, वेळ असेल तर ये. स्वस्त असणं, वेळ असणं, ही कोणी केलेली कृती नाही.

आणि भूतकाळात ‘बा’ चालत नाही असं वर म्हटलं, त्याला एक अपवाद आहे : जे घडलंच नाही त्याची हळहळ. ‘मोत्तो हायाकु ओकिरेबा योकात्ता.’ अजून लवकर उठलो असतो तर बरं झालं असतं. शेवटी ‘योकात्ता’ दिसलं तर ‘बा’कडे आधी बघायचं.

नारा : तू म्हणतोस म्हणून सांगतो

कोणी म्हणालं, ‘मला संत्री घ्यायची आहेत,’ तर नागपूरकर काय म्हणणार? ‘मिकान नारा, नागुपुरु गा इइ देसु.’ संत्री म्हणशील तर नागपूरचीच. समोरच्याचा विषय उचलायचा आणि त्यावर सल्ला द्यायचा, हे ‘नारा’चं काम.

‘नारा’ची दुसरी खासियत काळाची आहे. बाकी तिघांत पहिला भाग आधी घडतो, दुसरा नंतर. ‘नारा’त उलटंही चालतं. हे समजायला जपानमधली एक प्रसिद्ध वाहतूक घोषणा पुरेशी आहे : ‘नोन्दारा नोरु ना, नोरु नारा नोमु ना.’ प्यायला असाल तर गाडीवर बसू नका, गाडीवर बसणार असाल तर पिऊ नका. पहिल्या अर्ध्यात ‘तारा’ : पिणं होऊन गेलं, आता पुढचा नियम. दुसऱ्या अर्ध्यात ‘नारा’ : गाडीवर बसणं अजून व्हायचंय, पण न पिण्याचा नियम त्याच्या आधीच लागू. जागा बदलून ‘नोत्तारा नोमु ना’ म्हटलं तर अर्थ होतो ‘गाडीवर बसल्यावर पिऊ नका’, म्हणजे बसण्याआधी प्यायला मोकळे! एका अक्षरावर एवढा फरक.

जे होणारच आहे त्याला मात्र ‘नारा’ लावत नाहीत. वसंत येणार, बारा वाजणार, यात ‘असं असेल तर’ म्हणण्यासारखं काही नाही.

आता एक प्रश्न पूर्ण सोडवू

क : आशिता मुम्बाइ ए इकिमासु.
ख : मुम्बाइ ए ____, कासा ओ मोत्ते इत्ते कुदासाइ.
पर्याय : इकु तो, इकेबा, इत्तारा, इकु नारा.

पहिली पायरी, शेवट वाचा. ‘कुदासाइ’ आहे, म्हणजे विनंती. ‘इकु तो’ गेला. दुसरी पायरी, कर्ता बघा. जाणारा आणि छत्री नेणारा एकच, आणि जाणं ही कृती आहे. ‘इकेबा’ गेला. तिसरी पायरी, आधी काय घडतं? छत्री घरातून निघताना घ्यायची, मुंबईत पोचल्यावर नाही. ‘इत्तारा’ म्हणजे ‘गेल्यावर’, तो गेला. उरला ‘इकु नारा’. वर ‘क’ने स्वतःच जाण्याचा विषय काढलाय, त्यामुळे उत्तर पक्कं.

आता त्याच वाक्याचा शेवट बदला : ‘मुम्बाइ ए ____, देन्वा शिते कुदासाइ.’ फोन पोचल्यावर करायचा असेल, तर उत्तर ‘इत्तारा’. निघायच्या आधी कळवायचं असेल तर ‘इकु नारा’. दोन्ही बरोबर, अर्थ वेगळे. चांगल्या प्रश्नात मागचं-पुढचं एखादं वाक्य दिलेलं असतं ते याचसाठी. ते न वाचता पर्यायांवर उडी मारू नका.

कधी कधी रूपच उत्तर सांगून जातं. रिकाम्या जागेच्या आधी ‘इकु’ असेल तर ‘तो’ किंवा ‘नारा’च बसू शकतात. ‘इके’ असेल तर ‘बा’. नामानंतर ‘नारा’ सरळ बसतो, पण ‘तो’ला मध्ये ‘दा’ लागतो : ‘आमे नारा’, पण ‘आमे दा तो’.

एक मर्यादाही सांगून ठेवतो. सगळीकडे एकच उत्तर असतं असं नाही. ‘पाऊस पडला तर गारवा होतो’ हे ‘फुरु तो’, ‘फुरेबा’, ‘फुत्तारा’ तिन्हींनी म्हणता येतं, फक्त रोख बदलतो. बोलण्यात जपानी लोक ‘तारा’च जास्त वापरतात, ओसाकाकडे तर फारच. म्हणून बोलताना अडलात तर बहुतेक वेळा ‘तारा’ तुम्हाला तारेल. पेपरात मात्र वरच्या तीन पायऱ्याच कामाच्या.

सरावासाठी

1. हारु नि नारु ____, आताताकाकु नारिमासु. (वसंत आला की ऊब येते.)
2. गोहान ओ ताबे____, साम्पो नि इकिमाशोओ. (जेवल्यावर फिरायला जाऊ.)
3. कोओहिइ ____, आनो मिसे गा इइ देसु. (कॉफी म्हणशील तर ते दुकान चांगलं.)
4. कोनो कुसुरि ओ नोमे____, नाओरिमासु. (हे औषध घेतलं म्हणजे बरं वाटेल.)

उत्तरं : 1. तो, 2. तारा, 3. नारा, 4. बा. पहिल्यात ‘नारा’ का नाही आणि दुसऱ्यात ‘ताबेरु तो’ का चाललं नसतं, हे शेजारच्या रूममध्ये जाऊन समजावून सांगता आलं, तर हा धडा झाला असं समजा.