नवे यंत्र पॉलिसीबाहेर, घाटा जुन्या यंत्रांचा

कारखान्यात नवे यंत्र बसले आणि आगीच्या पॉलिसीत त्याची भर घालायची राहिली, तर धोका फक्त त्या यंत्रापुरता आहे असे बहुतेक कारखानदार धरून चालतात. या समजुतीतच खरे नुकसान आहे, असे मला वाटते. प्लॅस्टिकचे सुटे भाग बनवणारा एक लहान कारखाना घ्या. पॉलिसीत इमारत २० लाखांची, यंत्रे ६० लाखांची. वर्षाच्या मध्यावर ४० लाखांचे मोल्डिंग मशीन आले. आता शेडमधली यंत्रे १०० लाखांची, विमा मात्र ६० लाखांचाच. पुढे आग लागून एका जुन्या यंत्राचे १० लाखांचे नुकसान झाले आणि नव्याला धगही लागली नाही, तरी सर्व्हेअर ॲव्हरेज लावणार. शंभरास साठ या प्रमाणात हाती येतील सहा लाख.

यावर कोणी म्हणेल, भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीत १५ टक्के कमी विमा माफ असतो आणि नव्या भरीलाही आपोआप संरक्षण मिळते. खरे आहे, पण तेही संरक्षण माल वगळून उरलेल्या विमा रकमेच्या १५ टक्क्यांपर्यंतच. इथे ते होते १२ लाख. ते सगळे यंत्रांकडे धरले तरी ७२ लाखच होतात. तूट २८ टक्के, म्हणजे माफीच्या पलीकडची. लहानसा कॉम्प्रेसर या सवलतीत सामावेल, मोल्डिंग मशीन नाही.

दुसरा आक्षेप असा, की एजंटला व्हॉट्सॲपवर कळवलेच होते. पण विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमानुसार प्रीमियम आगाऊ मिळाल्याशिवाय कंपनी जोखीम घेऊ शकत नाही. म्हणून यंत्र सुरू होण्याआधीच थेट कंपनीला अर्ज द्यावा, पैसे भरावेत आणि एन्डॉर्समेंटचा कागद हातात घेऊन त्यावरची तारीख वाचावी. खर्चाची धास्ती नको, कारण प्रीमियम उरलेल्या मुदतीपुरताच लागतो. दर हजारी एक रुपया धरला तर ४० लाखांवर सहा महिन्यांचे २,००० रुपये, वर जीएसटी.

अर्जात पॉलिसी क्रमांक, यंत्राचे नाव, मॉडेल, सीरियल नंबर आणि ते नेमक्या कोणत्या शेडमध्ये आहे ते लिहावे. रस्त्यापलीकडचे गाळे पॉलिसीच्या पत्त्यात नसतील, तर ती जागाही वाढवून घ्यावी लागते. कर्ज काढून घेतले असेल तर बँकेचे नाव घालावे. रकमेत बिलाबरोबर वाहतूक आणि बसवणीचा खर्च धरावा. जीएसटीचे इनपुट क्रेडिट घेतले असेल तर तेवढा कर वगळावा. सर्वांत जास्त चूक होते ती जुने यंत्र विकत घेतल्यावर. पॉलिसी पुनर्स्थापना मूल्यावर असेल, तर १५ लाखांना घेतलेल्या वापरलेल्या यंत्राची रक्कम १५ लाख लिहून चालत नाही. त्याच क्षमतेचे नवे यंत्र आज जितक्याला मिळते तितकी लिहावी लागते, नाहीतर एन्डॉर्समेंट करूनही ॲव्हरेज लागतेच.