पाचट कुट्टी यंत्र : विकत घ्यावे की भाड्याने आणावे?



गेल्या हंगामात गट ऑफिसात एका सभासदाने हिशेब मांडला. तिघा भावांचा मिळून 24 एकर खोडवा, ट्रॅक्टर घरचा. पाचट कुट्टी यंत्राची किंमत दीड लाख. त्यांचे म्हणणे, "पाच वर्षांत पैसे वसूल होतात, मग भाडं कशाला भरायचं?" हिशेब चुकीचा नव्हता, पण अर्धा होता. तो पुरा करून दाखवण्यासाठी हा लेख. आकडे त्यांच्या बोलण्यातलेच पण ढोबळ केलेले आहेत; आपण आपल्या भागातले भाव घालावेत.

भाड्याने एकरी 2,500 रुपये पडतात. घरच्या यंत्राने डिझेल, ड्रायव्हरची मजुरी आणि पाती मिळून एकरी 1,000. म्हणजे एकरी 1,500 वाचतात, 24 एकराला 36,000. यातून दरसालची दुरुस्ती, बेअरिंग, ग्रीस यांचे 6,000 वजा केले की हाती 30,000 राहतात. दीड लाखाला तीस हजाराने भागा, पाच वर्षे आली. यालाच परतफेडीचा कालावधी म्हणतात. यंत्र सहा वर्षे चालेल आणि मोडीत 30,000 येतील असे धरले, तर सहा वर्षांत दीड लाखाचे दोन लाख दहा हजार होतात. वरवर साठ हजार फायदाच दिसतो.

खोट इथे आहे की दीड लाख आज जातात आणि बचत एकेका वर्षाने येते. कर्ज 12 टक्क्यांचे असेल, तर वर्षाने मिळणारा रुपया आजच्या 89 पैशांचा. कारण 89 पैशांवर वर्षाचे 12 टक्के व्याज धरले की रुपया होतो. दुसऱ्या वर्षाचा रुपया 80 पैशांचा, मग 71, 64, 57 आणि सहाव्या वर्षाचा 51 पैशांचा. सहाही वर्षांचा एकेक रुपया आजच्या भावाने मिळून 4 रुपये 12 पैसे होतो, सहा रुपये नव्हे.

आता 30,000 ला 4.12 ने गुणा : 1,23,600. मोडीचे 30,000 सहाव्या वर्षी येणार, म्हणून ते 51 पैशांच्या भावाने 15,300. एकूण 1,38,900. त्यातून आज दिलेले दीड लाख वजा जाता 11,100 रुपये तोटा! या उरलेल्या आकड्याला निव्वळ वर्तमान मूल्य म्हणतात. तो शून्याच्या वर असला तर घ्यावे, खाली असला तर भाड्यानेच आणावे. पाच वर्षांत वसूल होणारे यंत्र इथे तोट्यात गेले.

मग किती एकराला परवडते? एका एकराची बचत 1,500, ती 4.12 ने गुणून 6,180. साधारण दोन एकर वाढले की 11,100 चा खड्डा बुजतो. म्हणजे 26 एकराच्या आसपास दोन्ही बाजू सारख्या. शेजाऱ्याचे सहा एकर धरून 30 एकर झाले, तर हाच आकडा सुमारे 26,000 रुपये फायद्याचा येतो. मात्र शेजाऱ्याचा शब्द पक्का हवा. "गावात भाड्याने देऊ, गिऱ्हाईक मिळेलच" असे धरलेले एकर आम्ही मोजत नाही.

दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. एक, वर्षाच्या बचतीतून कर्जाचा हप्ताही वजा करतात आणि वर पैशांच्या भावानेही कमी करतात. व्याज दोनदा लागते आणि चांगले यंत्रही तोट्याचे दिसते. दुसरा घोटाळा व्याजदराचा. पैसा घरचा, ठेवीत 7 टक्क्यांनी पडलेला असेल, तर त्याच 24 एकराला सुमारे 13,000 फायदा दिसतो. पण डोक्यावर 12 टक्क्यांचे दुसरे कर्ज असेल, तर तो पैसा घरचा नव्हे. त्याने आधी ते कर्ज फिटले असते, म्हणून दर 12 च धरायचा.

हिशेबात सहसा न येणारी एक बाब राहिली. तोड झाल्यावर कुट्टी लगेच व्हायला हवी. फुटवे वर आले की पात्यात सापडतात. भाड्याचे यंत्र ऐन तोडीत आठ-दहा दिवस उशिरा येत असेल, तर त्या नुकसानीचा एकरी आकडा काढून तो बचतीत मिळवावा. वरच्या उदाहरणात एकरी 115 रुपयांच्या आसपास नुकसान टळले तरी 24 एकराचा तोटा भरून निघतो. मात्र भागीदारीच्या यंत्राला उलटे भय आहे. तिघांची तोड एकाच आठवड्यात आली तर शेवटच्याची कुट्टी उशिरानेच होणार. म्हणून भागीदारी ठरवण्याआधी तिघांच्याही लागणीच्या नोंदी आणि तोडीच्या तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात.

– शेती विभाग