घाऊक विक्रेत्यास दरपत्रक मागविताना

‘कृपया आपले दरपत्रक पाठवावे’ एवढ्या एका ओळीचा ई-मेल करणाऱ्या छोट्या दुकानदारास बहुधा उत्तर येत नाही. आलेच तर छापील किमतींची जुनी यादी येते. यात घाऊक विक्रेत्याचाही दोष नसतो. मागणारा कोण, कोठला, किती माल घेणार आणि पैसे केव्हा देणार, यांपैकी काहीच त्याला कळलेले नसते. त्याचा दर तर या चार गोष्टींवरच ठरतो.

उदाहरणादाखल बडोद्यातील एका शाळेजवळचे वह्या-पुस्तकांचे लहान दुकान घेऊ. जूनमध्ये शाळा सुरू होतात, म्हणून मालाची बोलणी फेब्रुवारी-मार्चमध्येच व्हावयास हवीत. मुंबईतील एका वही उत्पादकास हा दुकानदार पुढीलप्रमाणे लिहू शकेल.

विषय : शालेय वह्या – ६० डझन – घाऊक दर, किमान मागणी व उधारीच्या अटी

महोदय,
बडोदे येथे शाळेजवळ आमचे वह्या व लेखनसाहित्याचे किरकोळ विक्रीचे दुकान आहे. दुकानाचा पत्ता, पिनकोड व जीएसटी क्रमांक खाली दिला आहे. येत्या हंगामासाठी १७२ पृष्ठांच्या, १५.५ × १९ सें.मी. आकाराच्या वह्या हव्या आहेत : एकरेघी २५ डझन, चाररेघी १५ डझन, दुरेघी १० डझन व चौकडी १० डझन.
कृपया पुढील माहिती कळवावी. प्रत्येक प्रकाराचा प्रतिडझन निव्वळ दर व तो कोणत्या तारखेपर्यंत राहील, कागदाचे वजन, पृष्ठसंख्या मुखपृष्ठ धरून आहे की वगळून, किमान मागणी प्रत्येक प्रकारास लागू आहे की एकूण मालास, बडोद्यापर्यंतचे वाहतूक भाडे कोणाकडे, भिजलेला वा फाटलेला माल परत घेण्याची मुदत. पहिली मागणी रोखीने देण्यास आम्ही तयार आहोत. त्यानंतर ३० दिवसांची उधारी मिळेल काय, तिची कमाल मर्यादा किती, दिवस बिलाच्या तारखेपासून मोजता की माल पोहोचल्यापासून, आणि लवकर पैसे दिल्यास किती सूट देता, हेही कळवावे.
१० मार्चपर्यंत उत्तर आल्यास त्याच आठवड्यात मागणी नोंदविता येईल.
आपला,
(नाव, दुकानाचे नाव, पत्ता, दूरध्वनी, जीएसटी क्रमांक)

यातील ‘निव्वळ दर’ हा शब्द हेतुपूर्वक घातला आहे. वह्यांच्या धंद्यात दर पुष्कळदा ‘छापील किमतीवर अमुक टक्के सूट’ असा सांगितला जातो. दोन उत्पादकांच्या छापील किमती निरनिराळ्या असल्यामुळे मोठी सूट देणारा स्वस्त असतोच असे नाही. करासंबंधीही येथे एक सूचना करावीशी वाटते. वह्यांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला असला तरी पेन, फाइल यांवर तो आहेच. कंपोझिशन योजनेतील दुकानदारास खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे त्याने हा माल मागविताना करासहित दरच विचारावा, कारण तीच त्याची खरी खरेदी किंमत होय.

आता किमान मागणीचा प्रश्न. समजा, मुंबईच्या उत्पादकाने ३०० रुपये डझन हा दर कळविला. किमान मागणी प्रत्येक प्रकारास २५ डझन, भाडे दुकानदाराचे. अहमदाबादच्या एका घाऊक व्यापाऱ्याने ३१२ रुपये सांगितले. किमान मागणी एकूण २० डझन, माल दुकानात पोहोच. वरवर पाहता मुंबईचा माल डझनामागे बारा रुपयांनी स्वस्त आहे. परंतु चार प्रकारांचे प्रत्येकी २५ म्हणजे १०० डझन उचलावे लागतात. त्यांचे ३०,००० रुपये व भाडे १,२०० रुपये धरले की दर ३१२ वरच येतो. शिवाय गरज ६० डझनांचीच असल्याने ४० डझन शिल्लक राहतात, तेही चाररेघी, दुरेघी व चौकडी, म्हणजे नेमके मंद खपाचे. त्यांत १२,४८० रुपये अडकतात. हा माल दिवाळीनंतरच्या सत्रापर्यंत पाच महिने पडून राहिला, तर द.सा.द.शे. १२ दराने व्याजच ६२४ रुपये होते. पावसाळ्याची ओल लागून वह्यांच्या कडा वाकतात, ते वेगळेच. किमान मागणी प्रत्येक प्रकाराची की एकूण, हा प्रश्न पत्रात का घातला, हे यावरून दिसून येईल. तो आधी विचारला नाही, तर हे बंधन बहुधा मागणी नोंदविताना, म्हणजे हंगाम तोंडावर आल्यावर कळते.

उधारीच्या अटींत सर्वांत दुर्लक्षित राहते ती रोखीची सूट. ‘३० दिवस उधार, ७ दिवसांत दिल्यास २ टक्के सूट’ अशी अट असेल, तर उधारी फुकट मिळते असा समज होतो. ५०,००० रुपयांच्या बिलावर ही सूट १,००० रुपये आहे. ती सोडणे म्हणजे ४९,००० रुपये २३ दिवस वापरण्यासाठी १,००० रुपये मोजणे. वार्षिक हिशेबाने हा दर ३२ टक्क्यांहून अधिक पडतो. हेच ४९,००० रुपये कॅश क्रेडिट खात्यातून १२ टक्क्यांनी उचलले, तर २३ दिवसांचे व्याज सुमारे ३७० रुपये होते. म्हणजे बँकेचे कर्ज काढून सूट घेतली, तरी ६३० रुपये हाती राहतात. सूट अर्ध्या टक्क्याची असती, तर केवळ २५० रुपये वाचले असते आणि उधारी वापरणेच शहाणपणाचे ठरले असते. म्हणून सूट किती व किती दिवसांत, हे दोन्ही आकडे लेखी हवेत.

लांबलचक उधारी कबूल करणाऱ्या उत्पादकाबाबत एक कायदेशीर बाजू आहे. उत्पादक सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार त्याचे पैसे लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण कमाल ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. तेव्हा ९० दिवसांचे तोंडी आश्वासन तेथे कामाचे नाही. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यास या विलंबविषयक तरतुदींचा लाभ मिळत नाही. म्हणून समोरचा उत्पादक आहे की व्यापारी, हेही विचारून घ्यावे.

पत्र प्रत्येकास स्वतंत्र पाठवावे. सर्वांचे पत्ते एकाच ओळीत घातले की कोण कोणाशी स्पर्धा करीत आहे हे सर्वांना कळते. Bcc वापरल्यास पत्ते झाकले जातात, पण पत्र परिपत्रकासारखे वाटते आणि उत्तरे कमी येतात. पहिल्या पत्रासोबत रद्द केलेला धनादेश, पॅनची प्रत वा बँक खात्याचा तपशील जोडण्याचे कारण नाही. जीएसटी क्रमांक पुरेसा आहे, कारण तो जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. आपणही समोरच्याचा क्रमांक तेथे तपासावा. मुंबईच्या नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो आणि गुजरातचा २४ ने; नाव, पत्ता व नोंदणी चालू आहे की रद्द, हे तेथेच दिसते.

दर पटला, मागणी ठरली, आणि मग ‘आमचे खाते बदलले आहे, आगाऊ रक्कम या नव्या खात्यात भरावी’ असा ई-मेल आला, तर त्या पत्रातील क्रमांकावर फोन करू नये. पूर्वी बोलणे झालेल्या क्रमांकावरच खात्री करावी, कारण ई-मेलचा ताबा घेऊन फसविणारे नेमके याच टप्प्यावर मध्ये शिरतात. एनईएफटी वा आरटीजीएसने पैसे पाठविण्यापूर्वी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत उपलब्ध करून देण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले होते. तेथे दिसणारे नाव बिलावरील संस्थेच्या नावाशी जुळत नसेल, तर रक्कम पाठवू नये.