23 इंची फेटा आणि 4 मिलिमीटरचा स्पंज

तयार फेटा मागवताना दुकानदार एकच आकडा विचारतो, "डोकं किती इंच?" आपण टेप गुंडाळतो, आकडा कळवतो आणि निर्धास्त होतो. पण तो आकडा डोक्याचा असतो आणि दुकानदार ज्या आकड्याने फेटा बनवतो तो असतो सांगाड्याचा. या दोघांच्या मध्ये केस असतात, अस्तर असते, स्पंज असतो आणि मुंडावळ्यांची गाठसुद्धा असते. लग्नघरात फेट्यावरून जी धावपळ होते, ती बहुतेक या मधल्या सामानामुळे.

आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या होसकोट्यात. शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळूरबरोबर हे गावही होते, त्यामुळे मराठी बोलणारी घरे इथे नवलाची नाहीत. आमच्याकडे शिंपीकाम होते, म्हणून टेप हातात धरण्याची सवय मला लहानपणापासूनची. पुतण्याच्या लग्नात त्याने हौसेने महाराष्ट्रातून तयार फेटे मागवले. इथल्या समारंभांत म्हैसुरी पेटा सहज मिळतो, पण त्याला तुरा आणि शेमला असलेला फेटाच हवा होता. बांधणारा माणूस होसकोट्यात मिळणे कठीण, म्हणून तयार.

पुतण्याचे केस दाट आणि कुरळे. टेप कपाळावर भुवयांच्या साधारण बोटभर वर, दोन्ही कानांच्या किंचित वरून आणि मागे कवटीचा जो उंचवटा हाताला लागतो त्यावरून फिरवली. मागे टेप घसरून मानेकडे उतरते आणि माप कमी भरते, म्हणून बाजूने कुणीतरी पाहायला हवे. केस नुसते चाचपले तर माप 60 सेंटिमीटरच्या वर जायचे. टेपने ते फेट्याइतके दबले तेव्हा 58.5 भरले. खरे माप हेच, कारण फेटा केस दाबूनच बसतो. केस बाजूला सारून कवटीला टेप भिडवली असती तर 57 आले असते. दीड सेंटिमीटर फक्त केसांचे. टेप कापडी हवी आणि ती वर्षानुवर्षे ओढून ताणलेली नाही ना, हे एकदा लोखंडी पट्टीवर ठेवून बघावे. टेप नसेल तर सुतळी चालते, पण ओढल्यावर लांबणारा दोरा किंवा लोकर नको.

58.5 म्हणजे 23 इंच. तसे कळवले, 23 इंची फेटा आला, आणि हळदीच्या दिवशी पुतण्याने तो घालून पाहिला तेव्हा कपाळावर बसण्याऐवजी वरच अडकला. जोर करून खाली ओढला. दहा मिनिटांनी काढला तेव्हा कपाळावर लाल रेघ उमटली होती. "काका, कानशिलं ठणकायला लागलीत," तो म्हणाला. दुकानात फोन लावला तर पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "साहेब, 23च आहे, मोजून बघा." त्याचे खरेही होते. बकरमचा सांगाडा आतून 23 इंचच होता. मात्र तो मोजल्यावर त्याला आतून 4 मिलिमीटर जाडीचा स्पंज चिकटवून वर अस्तर लावले होते. ते मापात धरायचे असते हे तिथे कुणाच्या गावी नव्हते.

4 मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही. पण गोल वस्तूला आतून अस्तर लावले की ते दोन्ही बाजूंनी जागा खाते, म्हणजे आरपार रुंदी 8 मिलिमीटरने घटते. घेर रुंदीच्या तिपटीहून थोडा जास्त असतो, म्हणून घेर घटतो 25 मिलिमीटर, पुरता इंचभर. जाडी कितीही असो, तिच्या सहापटीहून थोडा अधिक घेर जातो, एवढे लक्षात ठेवले की बाकी हिशेब तोंडी होतो. मऊ स्पंज डोक्यावर दबून साधारण निम्मा होतो, त्यामुळे प्रत्यक्षात सव्वा सेंटिमीटरच्या आसपास जागा गेली. 58.4 मधून ती वजा केली तर उरले 57.1. डोके केसांसकट 58.5. दीड सेंटिमीटर तोकडा फेटा तासभरसुद्धा घालवत नाही, आणि लग्नात तो पाच-सहा तास डोक्यावर असतो.

मागवायला काय हवे होते ते आता सरळ दिसते. केसांसकट 58.5, त्यात अर्धा सेंटिमीटर मोकळीक, आणि दबलेल्या स्पंजाचे 1.3. बेरीज 60.3. म्हणजे 23 इंच तोकडा आणि 24 इंच, अर्थात जवळजवळ 61 सेंटिमीटर, किंचित सैल. अशा वेळी मोठाच घ्यावा. सैल फेटा लहान करता येतो. बकरमचा तोकडा सांगाडा मोठा करता येत नाही, मागची शिवण उसवून तुकडा जोडला तर तुऱ्याचा तोल जातो.

आमच्याकडे बदलून घ्यायला वेळ नव्हता. चौकातल्या शिंपी अण्णांनी फेटा उलटा करून मांडीवर घेतला, अस्तराची पट्टी ब्लेडने उसवली आणि दोन्ही कानशिलांजवळचा स्पंज नखाने खरवडून काढला. कपाळावरचा आणि मागचा तसाच ठेवला. "डोकं लांबट आहे का बघा," ते म्हणाले. पुतण्याचे उलटे निघाले. वरून पाहिले तर डोके रुंद, म्हणून कानशिले दुखत होती. हे घेराच्या आकड्यात कधीच दिसत नाही. 58चे लांबट डोके आणि 58चे गोल डोके एकाच टोपीत वेगवेगळे बसते: लांबटाला कपाळ आणि मागची बाजू टोचते व कानांवर फट राहते, गोलाला नेमके उलट. फट कुठे आहे आणि रेघ कुठे उमटते हे पाहून स्पंज कुठला काढायचा ते ठरते. सरसकट सगळा काढला असता तर बकरमची कडा कपाळात रुतली असती.

जास्त सैल फेट्याला याच्या उलट उपाय. अस्तराच्या पट्टीमागे कापडाची किंवा नमद्याची पट्टी सरकवायची. पूर्ण घेरात लावली तर ती सहापट जागा घेईल, पण नुसती मागच्या अर्ध्या भागात लावली तर तिपटीच्या आसपास. म्हणजे 2 मिलिमीटरची पट्टी मागच्या अर्ध्यात टाकली की सहा मिलिमीटरच्या आसपास सैलपणा जातो, आणि पुढची कड कपाळावर नीट टेकते. ती आधी टाचणीने अडकवून पाहावी, चिकटवण्याची घाई करू नये. नंतर वाकून पाहावे. लग्नात नवरदेव दिवसभर वडीलधाऱ्यांच्या पाया पडत असतो; वाकल्यावर फेटा पुढे घसरत नसेल आणि ताठ झाल्यावर वर चढत नसेल, तरच तो बसला.

हातात आलेला फेटा आतून मोजायचा कसा, हा प्रश्न पुष्कळांना पडतो, कारण टेप आत नीट उभी राहत नाही. जाडसर कागदाची बोटभर रुंद पट्टी कापावी, ती आत सोडली की स्वतःच उलगडून कडेला लागते. जिथे टोके एकमेकांवर येतात तिथे पेन्सिलीने खूण करून पट्टी बाहेर काढावी आणि टेबलावर सरळ ठेवून मोजावी. पट्टीने स्पंज फारसा दबत नाही, तेव्हा या मापात दबण्यापुरते थोडे मिळवून धरावे.

करवल्यांचा प्रश्न वेगळा. त्यांचे माप मोकळ्या केसांवर घेतले जाते आणि त्या दिवशी मागे अंबाडा आणि गजरा असतो. अंबाडा मानेलगत खाली घातला तर फेटा त्याच्या वर बसतो आणि माप बदलत नाही; अंबाडा उंच घातला तर माप कितीही बरोबर असले तरी फेटा मागून उचललेलाच राहतो. म्हणून केशरचना ठरवून, ती करूनच टेप फिरवावी. मुंडावळ्या फेट्याखालून बांधायच्या असतील तर त्यांची गाठ मागच्या उंचवट्यावर न येता कडेला येईल असे बघावे, नाहीतर ती गाठ एकटीच दिवसभर टोचत राहते.

आणि तिरुपती. होसकोट्यातून जुन्या मद्रास रस्त्याने कोलारमार्गे तिकडे जाणारी माणसे कायमची. आमच्या घरातल्या एका मामांनी माप दिले, मग देवाला जाऊन मुंडण करून आले. त्यांचा फेटा भुवयांवर येऊन टेकला. त्यांचे केस कुरळे नव्हते, पण दाट होते, तेवढ्यानेही घेर सेंटिमीटरभर घटला. लग्नाआधी नवस फेडायचा असेल किंवा केस बारीक कापायचे असतील तर माप त्यानंतर घ्यावे. आधी घेतले असेल तर निदान मागची पट्टी तयार ठेवावी.

ज्येष्ठांसाठी पांढऱ्या टोप्या घेतल्या होत्या. तिथे स्पंज नाही, बकरम नाही, पण खादी धुतल्यावर आटते. शंभरात 3 भाग जरी आटली तरी 23 इंची टोपी पाऊण इंचाच्या जवळ लहान होते आणि डोक्यावर उंच, उपरी दिसू लागते. अशी टोपी घेताना आधी धुतलेल्या कापडाची आहे का ते विचारावे. नसेल तर एक माप मोठी घेऊन घरी भिजवून वाळवावी, मग इस्त्री करून डोक्यावर ठेवून पाहावी.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांची मापे कधी कधी सेंटिमीटर किंवा इंचांत नसतात. अमेरिकेत राहणारा चुलतभाऊ सव्वासात म्हणाला, तेव्हा सगळे हसले. तिकडे घेराऐवजी त्याला 3.14ने भागून आलेला आकडा टोपीवर छापतात: 58 सेंटिमीटर म्हणजे 22.8 इंच, भागल्यावर सव्वासातच्या जवळ. इंग्लंडचा आकडा त्याहून एक अष्टमांशाने लहान असतो, तेव्हा कुठल्या देशाची टोपी पाहून सांगतोय ते विचारून घ्यावे.

आता मी फेटा मागवताना दुकानदाराला डोक्याचे माप सांगतच नाही. केसांसकट माप, मोकळीक आणि स्पंज मिळवून आलेला आकडा लिहितो, आणि त्याच्या पुढे लिहितो, "हा सांगाड्याचा आतला घेर, स्पंज लावण्याआधीचा. स्पंज किती जाड लावणार ते कळवा." उत्तरात जाडी आली की पुन्हा बेरीज करतो. उत्तर आलेच नाही तर दुसरे दुकान शोधतो.