निर्णयापूर्वीची सवड: दुखावलेल्या पत्नीने लिहावयाचे पत्र

पतीने दुखावलेली स्त्री माहेरी येते आणि पुढचा निर्णय घेण्याआधी विचाराला सवड हवी असे त्याला लेखी कळवते, तेव्हा त्या पत्राचे वाचक दोन असतात: आज ते उघडणारा पती आणि वाद वाढल्यास काही वर्षांनी ते तपासणारे न्यायालय. रागाच्या भरात लिहिलेले 'आता पुन्हा पाऊल ठेवणार नाही' हे वाक्य पती कदाचित विसरून जाईल, परंतु न्यायालयात तेच वाक्य तिच्या हेतूचा पुरावा म्हणून पुढे येऊ शकते.

हेतूला एवढे महत्त्व येते ते 'परित्याग' या संकल्पनेमुळे. हिंदू विवाह कायदा, 1955 नुसार जोडीदाराने सलग 2 वर्षे केलेला परित्याग हे घटस्फोटाचे कारण ठरते. मात्र नुसते वेगळे राहणे म्हणजे परित्याग नव्हे, तर वाजवी कारणाशिवाय, दुसऱ्याच्या संमतीविना आणि सहजीवन कायमचे संपवण्याच्या इराद्याने वेगळे राहणे म्हणजे परित्याग होय. बिपिनचंद्र शहा विरुद्ध प्रभावती या खटल्यात मुंबईतील पत्नी 1947 च्या मे महिन्यात जळगावच्या माहेरी गेली होती आणि तिने आपल्याला सोडले असा पतीचा दावा होता. परंतु तिची परतण्याची तयारी दिसत होती आणि पतीनेच तिला पाठवू नये अशी तार तिच्या वडिलांना केली होती, हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने 1956 मध्ये परित्याग सिद्ध होत नाही असे ठरवले. ताटातूट तात्पुरती होती की कायमची, याचा शोध न्यायालय त्या काळातील वागण्यातून आणि पत्रव्यवहारातून घेते, हे या निकालातून स्पष्ट होते.

उदाहरणादाखल, लातूरला सासर असलेली आणि मारहाणीनंतर मुलासह मुदखेडच्या माहेरी आलेली विवाहिता घेतली, तर तिच्या पत्रात पहिल्यांदा कारण यावे: कोणत्या दिवशी काय घडले, हे विशेषणे न लावता दोन-चार वाक्यांत. त्यानंतर, हे वेगळे राहणे विचारासाठी आहे, नाते संपवण्याचा किंवा टिकवण्याचा निर्णय अजून झालेला नाही, असे स्पष्ट वाक्य यावे आणि त्याला मुदत जोडावी, जसे की तीन महिने. कारण मुदत नसलेली सवड वाढत गेली की तिचा अर्थ कोणीही आपल्या सोयीने लावू शकतो. या काळात फोन कोणी, कोणाला आणि केव्हा करावा, मुलाला भेटण्याची सोय कशी असेल, त्याचा खर्च कोण देईल आणि स्त्रीधन, म्हणजे लग्नात व नंतर तिला मिळालेले दागिने व वस्तू, कोठे आहेत, हेही लिहावे. पोहोच मिळेल अशा टपालाने पत्र पाठवून त्याची प्रत आणि पोहोच जपून ठेवावी.

पत्र नीट लिहूनही वागण्यात घोटाळा होतो तो सणावाराला. नातेवाईक समजूत काढतात, ती दिवाळीत चार दिवस सासरी राहून येते आणि झालेल्या गोष्टीविषयी कोणीच बोलत नाही. अशा वेळी 'क्षमापन' हा मुद्दा उभा राहू शकतो, म्हणजे चूक माहीत असूनही ती माफ करून जोडीदाराला पूर्ववत स्वीकारणे. पुण्याच्या दास्ताने दांपत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये पत्नीची क्रूरता मान्य केली, तरीही पतीने त्यानंतर वैवाहिक संबंध चालू ठेवल्यामुळे ती माफ झाल्याचे ठरवून त्याची मागणी फेटाळली. त्याच निकालानुसार अशी क्षमा सशर्त असते आणि पुन्हा गैरवर्तन झाल्यास जुनी तक्रार जिवंत होऊ शकते. तरीसुद्धा मुलासाठी किंवा सणासाठी झालेली भेट म्हणजे समेट नव्हे, ही ओळ पत्रात आधीच असणे हिताचे ठरते.

या पत्राला मर्यादाही आहेत. त्याने तक्रारीची कायदेशीर मुदत थांबत नाही, आणि जिवाला धोका असेल तेथे पतीला पत्ता व मुदत कळवणारे पत्र लिहिण्याऐवजी संरक्षण मागणे आधी येते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 खालील अर्ज स्त्री तात्पुरती राहत असेल तेथील न्यायदंडाधिकाऱ्याकडेही करता येतो, त्यामुळे मुदखेडला राहणाऱ्या स्त्रीने त्यासाठी लातूर गाठण्याची गरज नसते; शिवाय सासरच्या सामायिक घरात राहण्याचा तिचा हक्क केवळ माहेरी आल्यामुळे आपोआप संपत नाही. धोका नसेल तर ठरलेली मुदत संपण्यापूर्वी दुसरे पत्र जाणे आवश्यक असते, मग त्यात परतण्याच्या अटी असोत, वेगळे होण्याचा निर्णय असो किंवा कारण देऊन वाढवून मागितलेली मुदत असो. कारण पहिल्या पत्राने विचाराची मुदत मागितलेली असताना त्यानंतरचे दीर्घ मौन नेमक्या त्याच हेतूबद्दल शंका निर्माण करते.