मजबुती हवी तेथेच भराव : स्लायसरमधील मॉडिफायरचा उपयोग

निती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानातून शाळांमध्ये स्थापन झालेल्या टिंकरिंग लॅबमुळे थ्री-डी प्रिंटर हे यंत्र अनेक शिक्षकांच्या परिचयाचे झाले आहे. प्लॅस्टिकची तार वितळवून एकावर एक पातळ थर देणारे हे यंत्र शोभेच्या वस्तू सहज बनवते. परंतु हाताचा जोर सोसणारी एखादी वस्तू त्यावर तयार केली की ती ठराविक जागी मोडते, असा अनुभव वारंवार येतो. मग पुढच्या वेळी संपूर्ण वस्तूच भरीव करण्याकडे कल होतो. त्यात प्लॅस्टिक आणि वेळ या दोन्हींचा व्यय होतो आणि मोडण्याचे खरे कारण अनेकदा तसेच राहते. वस्तूच्या नेमक्या भागालाच जादा भिंती किंवा दाट भराव देण्याची सोय स्लायसरमध्ये असते. तिला मॉडिफायर म्हणतात. तिचा उपयोग कसा करावा आणि तो कोठे फसतो, हे पाण्याच्या व्हॉल्व्हच्या दांड्याच्या उदाहरणावरून येथे पाहावयाचे आहे.

भिंती आणि भराव

संगणकावर तयार केलेल्या आकृतीचे आडवे काप करून प्रिंटरला हालचालींच्या आज्ञा देणारी प्रणाली म्हणजे स्लायसर. प्रत्येक थरात ती प्रथम आकृतीच्या कडेने काही वेढे आखते. या वेढ्यांना भिंती म्हणतात. भिंतींच्या आतील जागेत जाळीसारखा विरळ भराव घातला जातो. सामान्यतः दोन भिंती आणि 15 टक्के भराव ठेवला जातो. तारेची धार 0.45 मि.मी. रुंद आणि थर 0.2 मि.मी. जाडीचा असेल, तर शेजारच्या धारा एकमेकींत किंचित मिसळत असल्याने प्रत्येक भिंत साधारण 0.4 मि.मी. जागा घेते. म्हणजे दोन भिंतींची मिळून जाडी एक मिलिमीटरही भरत नाही.

आता दांड्याचे उदाहरण घेऊ. तो 90 मि.मी. लांब, 20 मि.मी. रुंद आणि 10 मि.मी. जाड आहे. त्याच्या एका टोकाला 24 मि.मी. व्यासाचा गोल भाग असून त्याच्या मध्यभागी 8 मि.मी. बाजूचे चौकोनी भोक आहे. व्हॉल्व्हच्या दांडीचे चौकोनी टोक या भोकात बसते. भोकाच्या मध्यापासून 70 मि.मी. अंतरावर हाताने 5 किलो वजनाइतका जोर लावला, असे समजू. भोकाचा कोपरा मध्यापासून केवळ साडेपाच मि.मी.वर असल्याने तरफेच्या नियमानुसार तेथे हा जोर बारा पटींहून अधिक होऊन पोहोचतो. साठ किलोंच्या आसपासचा हा जोर चार कोपऱ्यांत वाटला गेला, तरी तो दोन पातळ भिंतींना आणि त्यामागील विरळ जाळीला सोसत नाही. भोकाच्या कोपऱ्यातून तडा जातो.

येथे संपूर्ण दांडा भरीव करणे हा सोपा पण महागडा मार्ग होय. या दांड्याचे आकारमान सुमारे 17 घन सें.मी. असून पीएलए प्लॅस्टिकमध्ये तो पूर्ण भरीव केल्यास सुमारे 21 ग्रॅम माल लागेल. याउलट भोकाभोवतीचा 20 मि.मी. व्यासाचा भाग तेवढाच पूर्ण भरीव केला, तरी त्यात सुमारे 3 ग्रॅम माल बसतो.

मॉडिफायर बसविण्याची रीत

प्रूसास्लायसर या प्रणालीत ही रीत पुढीलप्रमाणे आहे. दांड्याची आकृती उघडून तिच्यावर उजवी कळ दाबावी आणि "Add modifier" मधून "Cylinder" निवडावे. एक अर्धपारदर्शक दंडगोल आकृतीवर दिसू लागतो. हा दंडगोल स्वतः छापला जात नाही. तो केवळ एका जागेची हद्द ठरवतो. त्या हद्दीत आकृतीचा जो भाग येतो, त्यालाच वेगळे नियम लागू होतात. आकृतीबाहेर राहिलेल्या दंडगोलाचा काहीही परिणाम होत नाही. म्हणून त्याची उंची दांड्याच्या जाडीपेक्षा थोडी अधिक ठेवणे सोयीचे असते.

दंडगोलाचा मध्य भोकाच्या मध्यावर आणून व्यास 20 मि.मी. करावा. नंतर उजवीकडील यादीत त्याच्यावर उजवी कळ दाबून "Add settings" मधील "Layers and Perimeters" येथे "Perimeters" हे कलम निवडावे आणि त्याची संख्या 6 करावी. त्याच पद्धतीने "Infill" मधील "Fill density" 50 टक्के करावी. उरलेल्या दांड्याचे नियम मूळचेच राहतात. मॉडिफायरऐवजी चुकून "Add part" निवडले गेले, तर दंडगोल प्रत्यक्ष छापला जातो आणि भोक बुजते. तसे झाल्यास यादीतील "Change type" या कलमाने प्रकार बदलता येतो.

सहा भिंतींचे प्रत्यक्षात काय होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. मॉडिफायरने भिंतींची संख्या बदलली की स्लायसर त्या भागाला स्वतंत्र तुकडा मानतो आणि त्याच्या सर्व कडांनी वेढे आखतो. आपल्या तुकड्याला दोन कडा आहेत. आतील कड भोकाची आणि बाहेरील कड दंडगोलाच्या हद्दीची. त्यामुळे सहा भिंती दोन्हीकडून येतात. भोकाच्या सपाट बाजूपासून हद्दीपर्यंत 6 मि.मी. जागा आहे. त्यातील सुमारे 4.8 मि.मी. भिंतींनीच व्यापली जाते. कोपऱ्यापासून हद्दीपर्यंत साडेचार मि.मी.हूनही कमी जागा असल्याने तेथे पोकळी उरतच नाही. ज्या कोपऱ्यातून तडा सुरू होतो तोच भाग याप्रमाणे भरीव होतो.

हद्द कोठे ठेवावी

गोल भाग 24 मि.मी.चा असताना मॉडिफायर 20 मि.मी.चाच का, असा प्रश्न येथे साहजिक आहे. प्रथमच हे काम करणारा बहुधा 30 मि.मी.चा दंडगोल घेतो आणि गोल भाग पूर्ण झाकतो. तसे केल्यास हद्दीची कमान दांड्याला आडवी छेदून जाते. दांड्याचे वेढे त्या कमानीपाशी बंद होतात आणि गोल भागाचे वेढे पलीकडून सुरू होतात. एरवी दांड्याच्या कडेने अखंड वाहणारी बाह्य भिंत तेथे तुटते. दोन तुकडे केवळ एकमेकांना चिकटून राहतात आणि त्या सांध्याचे क्षेत्र 20 मि.मी. रुंदी व 10 मि.मी. जाडी धरता सुमारे 200 चौ. मि.मी. असते. दांडा वाकविणारा जोर याच पट्ट्यात सर्वांत अधिक असतो. भोक वाचविण्याच्या प्रयत्नात दांड्याला नवी कमकुवत रेषा दिली जाते, ती अशी.

20 मि.मी.चा मॉडिफायर मात्र गोल भागाच्या पूर्णपणे आत राहतो. त्याच्या बाहेर सर्व बाजूंनी किमान 2 मि.मी.चे कवच उरते. हे कवच दांड्याच्याच तुकड्यात मोडत असल्याने दांड्याची बाह्य भिंत गोल भागाला वळसा घालून न तुटता परत येते. आतील भरीव कडे या कवचात बसविलेल्या बांगडीप्रमाणे राहते. तेथेही सांधा आहेच. परंतु 20 मि.मी. व्यासाचा परीघ सुमारे 63 मि.मी. असल्याने 10 मि.मी. जाडीत सांध्याचे क्षेत्र 600 चौ. मि.मी.हून अधिक होते आणि जोर संपूर्ण वर्तुळावर वाटला जातो.

यावरून जो नियम निघतो तो असा, की भिंतींची संख्या बदलणाऱ्या मॉडिफायरची हद्द जोराच्या वाटेला आडवी जाऊ देऊ नये. आकारामुळे हे शक्य नसेल, तर भिंती संपूर्ण वस्तूला सारख्याच, समजा चार, द्याव्यात आणि मॉडिफायरने केवळ भरावाची घनता वाढवावी. घनताच बदलली असता वेढे सर्वत्र अखंड राहतात. फक्त आतील जाळी दाट होते.

तपासणी आणि मर्यादा

छपाईपूर्वी स्लायसरच्या "Preview" दृश्यात उजवीकडील पट्टी मधल्या थरावर आणून पाहावे. अगदी खालचे व वरचे थर नेहमीच भरीव असल्याने त्यांवरून काही कळत नाही. या दांड्यात 50 थर आहेत. पंचविसाव्या थरात भोकाभोवती सहा वेढे मोजता आले पाहिजेत आणि बाहेरील कडेची रेषा दांड्यापासून गोल भागाभोवती सलग गेलेली दिसली पाहिजे. ती मध्येच आत वळत असेल, तर मॉडिफायर कडेपर्यंत पोहोचला आहे, असे समजावे.

वस्तू मोडल्यानंतर तुटलेला भाग टाकून न देता त्याचे निरीक्षण करावे. भोकाच्या कोपऱ्यातून बाहेर गेलेला वेडावाकडा तडा हा भिंती कमी पडल्याचे लक्षण होय. गुळगुळीत, कमानदार आणि मॉडिफायरच्या व्यासाशी जुळणारा तडा असेल, तर हद्द चुकीच्या जागी आहे. भोकाचे कोपरे नुसतेच गोल झाले असतील, तर भोक सैल आहे किंवा प्लॅस्टिक मऊ पडले आहे. पीएलए सुमारे 60 अंश सेल्सिअसला मऊ होऊ लागते. त्यामुळे उन्हात तापणाऱ्या लोखंडी नळावर ते टिकेल असे धरून चालू नये. पीईटीजी हे प्लॅस्टिक त्याहून अधिक उष्णता सोसते. अशा वेळी भिंती वाढवून उपयोग होत नाही.

चौथा प्रकार थरांच्या मधून सपाट सुटणाऱ्या तड्याचा. मॉडिफायर प्रत्येक थराच्या आतील रचना बदलतो. एका थराची दुसऱ्या थराशी असलेली पकड बहुतांशी तशीच राहते. दांडा उभा ठेवून छापला, तर वाकविणारा जोर थरांना एकमेकांपासून सोडवू पाहतो आणि भरीव दांडाही त्या रेषेवर तुटू शकतो. म्हणून वर सांगितलेली सर्व मापे दांडा आडवा, भोक उभे आणि थर दांड्याच्या लांबीला समांतर, असे गृहीत धरून दिलेली आहेत. वस्तू कशी ठेवावयाची हे आधी ठरवावे, मॉडिफायरचा विचार त्यानंतर करावा.

शेवटी एक व्यवहाराची बाब. मॉडिफायरची माहिती एसटीएल धारिकेत साठविली जात नाही. ती `.3mf` प्रकारच्या प्रकल्प-धारिकेत राहते. एका शाळेने तपासून सिद्ध केलेला दांडा दुसऱ्या गावाला पाठवावयाचा असेल, तर हीच धारिका पाठवावी. नुसती एसटीएल पाठविल्यास दांड्याचा आकार पोहोचेल, पण भोकाभोवतीच्या सहा भिंती मागेच राहतील आणि तेथील पहिला दांडा पुन्हा त्याच कोपऱ्यातून मोडेल.