कोडे-खेळाचे गाभाचक्र : '२०४८'चे उदाहरण

मोबाईलवरील कोडे-खेळात खेळाडू एकच कृती पुनःपुन्हा करतो. पटाचे निरीक्षण, निर्णय, चाल, चालीचा परिणाम आणि त्यातून उद्भवणारी नवी स्थिती या क्रमाला खेळाचे गाभाचक्र म्हणतात. हे चक्र दहा मिनिटांनंतरही खेळाडूला का धरून ठेवते, हे इटलीच्या गॅब्रिएले चिरुली यांनी मार्च २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या '२०४८' या खेळावरून समजून घेता येते.

या खेळाच्या पटावर १६ घरे असतात. बोट सरकवले की सर्व ठोकळे त्या दिशेला जातात, समान अंकांचे शेजारी ठोकळे जुळून त्यांची दुप्पट होते आणि रिकाम्या घरात नवा ठोकळा येतो. तो दहापैकी सरासरी नऊ वेळा २ चा, तर एक वेळा ४ चा असतो. जुळणीमुळे पटावरील बेरीज बदलत नाही. ती केवळ नव्या ठोकळ्यांमुळे, प्रत्येक चालीस सरासरी २.२ ने वाढते.

यावरून खेळाचा कालावधी काढता येतो. १२८ चा ठोकळा होण्यास सुमारे ५८, १०२४ साठी ४६५ आणि २०४८ साठी ९३० चाली लागतात. सेकंदाला एक चाल धरल्यास पहिले यश एका मिनिटात, १०२४ पावणेआठ मिनिटांत, तर २०४८ साडेपंधरा मिनिटांत मिळते. म्हणजेच दहाव्या मिनिटाला पुढील मोठे यश साडेपाच मिनिटे दूर असते. तरीही खेळ रेंगाळत नाही, कारण १०२४ ची जोडी जमवण्यासाठी १२८, २५६ व ५१२ हे टप्पे पुन्हा गाठावे लागतात. शिवाय या वेळी एक घर मोठ्या ठोकळ्याने अडवलेले असते. मिळवलेले यशच पुढील अडचण निर्माण करते, हे या रचनेचे मर्म होय.

तथापि, या रचनेला मर्यादा आहे. सर्वांत मोठा ठोकळा एका कोपऱ्यात ठेवून मुख्यतः दोन दिशांना आलटून पालटून बोट सरकवले आणि अडल्यासच तिसरी दिशा वापरली, तरी बराच काळ फारसा विचार न करता खेळता येते. अशा वेळी चक्र फिरते, पण त्यातील निर्णय नाहीसा होतो. त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेल्या 'थ्रीज' या खेळात ठोकळे एका चालीत एकच घर सरकतात, १ ची जुळणी केवळ २ शीच होते आणि पुढील ठोकळ्याची पूर्वसूचना मिळते. त्यामुळे ठराविक चालींचा उपयोग कमी होतो. मात्र खेळ अधिक कठीण बनतो.

रचनाकाराने ही कसोटी आरंभीच लावावी. आधी ठराविक क्रमाने, पट न पाहता चाली करून खेळ कोठवर जातो ते नोंदवावे. मग नवख्या खेळाडूच्या दोन चालींमधील विराम मोजावेत. आंधळ्या चालींनीही खेळ दूरवर जात असेल आणि दहाव्या मिनिटाला विराम उरलेच नसतील, तर दोष चित्रांत वा ध्वनीत नसून नियमांत आहे, असे समजावे. अशा वेळी बक्षिसे वाढवण्याऐवजी जुळणीचा किंवा सरकण्याचा एकच नियम बदलून चाचणी पुन्हा घ्यावी.